पोपडे बसतील, पण त्यांना जागा हवी

*वाचकाचं पत्र :*

आमच्या घरी पणजोबांचं तैलचित्र आहे. कॅनव्हासवरचं, साधारण तीन फूट बाय अडीच फूट. आम्ही चार दिवस बाहेरगावी असताना भिंतीतला पाइप फुटला आणि चित्राच्या मागून पाणी झिरपत राहिलं. आल्या आल्या ते उतरवलं, फ्रेममधून काढलं आणि तीन दिवस उन्हात ठेवलं. आता महिना झाला, चित्र पूर्ण कोरडं आहे. पण खालच्या भागावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर आलाय. कोटावर आणि हातांवर बारीक पोपडे उठलेत, काही ठिकाणी रंग गळून पडलाय. मागे तपकिरी डाग आहेत, काळे ठिपके आहेत. चेहरा मात्र शाबूत आहे. ओळखीचे एक चित्रकार म्हणतात, ‘साय पुसून काढतो, गेलेला भाग रंगवतो, आठवड्यात नव्यासारखं करून देतो.’ एका संवर्धकांना विचारलं तर त्यांनी पाच-सहा महिने सांगितले. पुसणं आणि रंगवणं एवढंच काम असेल तर सहा महिने कशाला लागतात? कुणाचं ऐकावं?

*उत्तर :*

आधी चित्र आत्ता कसं ठेवलंय ते बघा. उभं असेल किंवा पुन्हा टांगलं असेल तर आजच उतरवा आणि रंगाची बाजू वर करून टेबलावर आडवं ठेवा. उठलेला पोपडा उभ्या चित्रातून खाली पडतो, आडव्या चित्रात निदान जागच्या जागी राहतो. जे तुकडे पडले असतील ते झाडूनबिडून टाकले नसतील अशी आशा करते. फ्रेमच्या खाचेत, चित्राच्या खालच्या पट्टीत, जमिनीवर शोधा. सापडेल तो तुकडा कागदाच्या पाकिटात घाला आणि तो कुठल्या भागातला वाटतो ते पाकिटावर लिहा. तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्याचाही उपयोग होतो. पांढऱ्या थरावरून फडकं फिरवू नका. ओलं नाही, कोरडंही नाही. उठलेल्या पोपड्याच्या कडेला फडक्याचा एक धागा अडकला तरी पोपडा निघून येतो.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते : ‘कोरडं’. पाणी गेलं म्हणजे धोका टळला, असं तुम्ही धरून चाललात. कॅनव्हासवरच्या तैलचित्रात मात्र बरंचसं नुकसान वाळताना होतं.

त्याचं कारण चित्राच्या आत आहे. आपल्याला समोरून फक्त रंग दिसतो, पण सगळ्यात मागे असतं कापड, बहुतेक वेळा जवसाच्या धाग्याचं. त्यावर सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला डिंकासारखा चिकट पदार्थ. त्यावर पांढरं अस्तर, मग रंगाचे थर आणि सगळ्यात वर व्हार्निश. तैलरंगाला पाण्याचं फारसं भय नसतं. पण तुमच्याकडे पाणी आलं मागून, आणि मागच्या बाजूला तर कापड आणि सरसच आहे. सरस ओला झाला की फुगतो, मऊ होतो आणि त्याची पकड सुटते. त्याच वेळी कापड आक्रसतं. घट्ट विणीचं कापड भिजलं की धागे जाड होतात, एकमेकांवरून जाताना त्यांना जास्त वळण घ्यावं लागतं आणि कापडाची एकूण लांबी-रुंदी कमी होते. नवीन सुती सदरा पहिल्या धुण्यात आटतो, तसंच हे.

रंगाचा थर मात्र आटत नाही. शंभरएक वर्षं वाळलेला तो कडक पापुद्रा आहे. खालचं कापड थोडंसं आटलं, सरसाची पकडही सुटली, तर वरच्या रंगाला पसरून राहायला जागा पुरत नाही. मग तो मधून उचलला जातो. दोन पोपड्यांच्या कडा एकमेकींना रेटत वर येतात आणि छोटा तंबू उभारल्यासारखा आकार होतो. नंतर सरस पुन्हा वाळतो आणि वाळताना जोराने आकुंचन पावतो. हे सावकाश झालं तर थोडं तरी जुळवून घेता येतं. उन्हात ते झपाट्याने आणि एकसारखं न होता घडतं. तुम्ही ते अजाणता केलंत, बहुतेक लोक तेच करतात. फक्त संवर्धकापासून ही गोष्ट लपवू नका. चित्र किती काळ ओलं होतं आणि कसं वाळवलं, यावर पुढची अर्धी पद्धत ठरते.

तुमचे पोपडे नेमके कुठल्या प्रकारचे आहेत हे घरीही बऱ्यापैकी कळतं. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला, जवळजवळ चित्राच्या पातळीत धरा. समोरून सपाट वाटणारा भाग अशा तिरक्या प्रकाशात शेतातल्या ढेकळांसारखा दिसतो. कडा वाटीसारख्या उचललेल्या असतील आणि मध्य चिकटलेला असेल, तर परिस्थिती त्यातल्या त्यात बरी. दोन कडा मिळून कौलारू छपरासारख्या उभ्या असतील, तर खाली पोकळी आहे आणि कापड आटलंय असं समजा. त्याच प्रकाशात फोटो काढून ठेवा.

सहा महिने कुठे जातात ते एका चित्रावरून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका बाईंचं व्यक्तिचित्र आलं होतं, तुमच्यापेक्षा थोडं लहान. टाकीतून गळणाऱ्या पाण्यानं खालचा तिसरा हिस्सा भिजलेला. घरच्यांना वाटत होतं की शालीचा रंग ‘उडालाय’. पहिले काही दिवस मी त्याला काहीच केलं नाही. फक्त पाहिलं : साध्या प्रकाशात, तिरक्या प्रकाशात, भिंगाखाली आणि अतिनील दिव्याखाली. अतिनील प्रकाशात जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर कुणी केलेली रंगरंगोटी काळपट डागांसारखी उठून दिसते. त्या चित्रात शालीच्या काठावर असे तीन डाग होते. म्हणजे आधीही कुणीतरी हात मारला होता, आणि घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

मग आला चिकटवण्याचा टप्पा. इथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी सुटलेला रंग पक्का करायचा, सफाई नंतर. साय आधी पुसली तर सायीबरोबर रंगही जातो. तुमच्या चित्रकार स्नेह्यांच्या योजनेतली माझी पहिली अडचण हीच आहे.

उठलेल्या रंगाखाली चिकट द्रव सोडायचा असतो. त्यासाठी बऱ्याचदा स्टर्जन नावाच्या माशाच्या वायुकोशापासून केलेला सरस वापरतात. तो अगदी पातळ, दोन-तीन टक्क्यांचा आणि कोमट असतो. बारीक कुंचल्याच्या टोकाने तो भेगेच्या तोंडाशी टेकवला की आपोआप आत ओढला जातो. थोडा वेळ थांबायचं, पोपडा किंचित मऊ पडतो. मग वर न चिकटणारा सिलिकॉनचा कागद ठेवून नखाएवढ्या गरम पात्यानं तो हलकेच खाली बसवायचा. इस्त्रीचं टोक समजा, पण हाताला सहन होईल त्याहून थोडंच जास्त गरम. वर लहानसं वजन ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. काही पोपडे बसलेले असतात, काही पुन्हा उठलेले असतात. त्या चित्रात चांगल्या दिवशी माझा तळहाताएवढा भाग व्हायचा.

आणि मग मी अडकले. शालीच्या मधल्या भागात पोपडे बसेचनात. दाबले तर एकाची कड दुसऱ्यावर चढायची. कारण वर सांगितलं तेच : कापड आटलं होतं, रंगाला जागाच उरली नव्हती. अशा वेळी जोर लावला तर पोपडा मधोमध मोडतो आणि त्याचा चुरा होतो. एक वाट अशी की पोपड्यांच्या कडा घासून लहान करायच्या आणि बसवायचे. पूर्वी असं केलंही गेलं आहे. पण तो मूळ रंग कमी करणं आहे, आणि एकदा गेला की गेला. दुसरी वाट म्हणजे कापडालाच पुन्हा सैल करून थोडं थोडं ताणायचं. मी चित्र मूळ चौकटीवरून, म्हणजे कापड ज्यावर ताणून बसवलेलं असतं त्या लाकडी सांगाड्यावरून उतरवलं, कडांना जोडपट्ट्या लावून मोठ्या चौकटीवर घेतलं, मागून अगदी मोजकी दमट हवा दिली आणि दर दोन-तीन दिवसांनी केसभर ताण वाढवला. दमटपणा जास्त झाला तर कापड आणखी आटतं, कमी पडला तर हलतच नाही. पाच आठवडे गेले. शेवटी वाढ मिळाली ती काही मिलिमीटरच, पण पोपड्यांना तेवढीच हवी होती. पुढचं चिकटवणं दहा दिवसांत झालं. या भागासाठी मी माशाचा सरस वापरला नाही, उष्णतेनं सक्रिय होणारा कृत्रिम चिकट पदार्थ घेतला, कारण त्या कापडाला पाण्याचा थेंबही नको होता.

तुमच्या संवर्धकांनी सांगितलेल्या सहा महिन्यांतला मोठा वाटा या वाट बघण्याचा असणार. हात चालतो तो वेळ त्या मानाने कमीच.

आता ती साय. तुम्ही तिला थर म्हणता, पण बहुधा तिथे वेगळा थर काही नाहीच. काच पारदर्शक असते, पण फोडून तिचा चुरा केला की पांढरा दिसतो, कारण प्रत्येक कणावरून प्रकाश विखुरतो. व्हार्निशमध्ये पाणी शिरून निघून गेलं की आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि व्हार्निश तसंच पांढुरकं दिसू लागतं. त्यामुळे पुसून काढण्यासारखं वर काही नसतंच. घासाल ते व्हार्निशच. ही पोकळी बुजवायला योग्य द्रावकाची किंचित वाफ द्यावी लागते, किंवा ते व्हार्निश काढून नवं लावावं लागतं. वाफेची कल्पना जुनी आहे. म्यूनिकचे रसायनशास्त्रज्ञ पेटनकोफर यांनी १८६३ साली अल्कोहोलच्या वाफेनं पांढुरकी चित्रं पुन्हा स्वच्छ करण्याची पद्धत मांडली आणि ती खूप गाजली. नंतर लक्षात आलं की वाफ नुसत्या व्हार्निशवर थांबत नाही, खालचा रंगही मऊ करू शकते. म्हणून आज हे काम आधी चित्राच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर करून बघतात, आणि तेही पोपडे पक्के झाल्यावरच. क्वचित पांढुरकेपणा रंगाच्या थरातच शिरलेला असतो. तसं असेल तर तो कमी होतो, पूर्ण जात नाही.

एक शक्यता मात्र तपासून घ्या. पांढरा भाग एकसारखा दुधट न दिसता भिंगातून कापसासारखा किंवा ठिपक्याठिपक्यांचा दिसत असेल, तर ती बुरशी आहे. मागचे काळे ठिपके तर बहुधा बुरशीचेच असणार. चार दिवसांची ओल तिला भरपूर झाली. कोरड्या, हवेशीर जागेत ती निद्रिस्त होते, मरत नाही. हात लावायचाच झाला तर मास्क आणि हातमोजे घाला, आणि फुंकर अजिबात नको. काढण्याचं काम संवर्धकाचं : मऊ कुंचला आणि बारीक गाळणीचा व्हॅक्युम, तेही मागच्या बाजूनं, पुढचा रंग पक्का झाल्यावर. मागचे तपकिरी डाग मात्र राहू द्यावेत असं माझं मत आहे. ते कुणाला दिसत नाहीत, आणि ते धुवायचे म्हणजे कापड पुन्हा ओलं करायचं.

कुणी सांगेल, चित्राला मागून दुसरं कापड चिकटवून घ्या, कायमचं मजबूत होईल. एके काळी हे सर्रास होत असे, मेण आणि राळ वितळवून इस्त्रीनं. त्यात उठाव असलेले कुंचल्याचे फटकारे चपटे झाले आणि काही चित्रं कायमची काळवंडली. १९७४ साली ग्रिनिचला फक्त या एका विषयावर परिषद भरली आणि त्यानंतर या पद्धतीकडे बघण्याची नजर बदलली. आज कापड फाटलेलं किंवा कुजलेलं असेल तरच तो विचार करतात. तुमच्या संवर्धकांनी हे सुचवलं तर का, हे जरूर विचारा. ‘आम्ही नेहमी करतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

राहिलं रंगवणं. माझ्याकडच्या त्या चित्रात सगळं बसवून झाल्यावर, जिथे खरोखर रंग उरला नव्हता अशा जागा मी मोजल्या. विखुरलेल्या होत्या म्हणून फार वाटत होत्या. एकत्र केल्या असत्या तर पोस्टकार्डाएवढ्याही भरल्या नसत्या. त्या खळग्यांमध्ये आधी खडूची भुकटी आणि जिलेटिनचं लुकण भरून आजूबाजूच्या पातळीला आणायचं, आणि मग फक्त तेवढ्याच जागेत रंग द्यायचा. शेजारच्या मूळ रंगावर केसभरही नाही. हा रंग तैलरंग नसतो. संवर्धनासाठी बनवलेले वेगळे रंग असतात, ते पन्नास वर्षांनीही सौम्य द्रावकानं निघून येतात आणि खालच्या जुन्या तैलरंगाला धक्का लागत नाही.

चित्रकार स्नेह्यांचं कौशल्य कमी आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या हातातलं साधनच या कामाचं नाही. नवा तैलरंग आज शेजारच्या रंगाशी अगदी जुळला, तरी काही वर्षांत तेल पिवळट-गडद होतं आणि तो भाग ठिगळासारखा दिसू लागतो. शिवाय ठिगळ झाकायला म्हणून हात आपोआप पसरतो. पोस्टकार्डाएवढ्या नुकसानीसाठी अख्खा कोट नवा होतो आणि मूळ कोट खाली गाडला जातो. त्या बाईंच्या शालीवरचे तीन काळपट डाग असेच होते : खाली मूळ वेलबुट्टी जशीच्या तशी होती, वरून कुणीतरी सपाट तपकिरी रंग फासला होता. तो काढायला मला शालीच्या बाकी सफाईपेक्षा जास्त वेळ लागला.

‘नव्यासारखं’ या शब्दाबद्दलही थोडं. पणजोबांचं चित्र पाणी लागण्यापूर्वीही नवं नव्हतं. चांगलं काम झालं तरी जवळून पाहिलं तर भेगांचं जाळं दिसेल, खालच्या भागात तिरक्या प्रकाशात हलकी लहर उरेल. सहा फुटांवरून पाहिलं की नजर चेहऱ्याकडे जावी, पांढऱ्या पट्ट्याकडे जाऊ नये, एवढं साधणं शक्य आहे आणि तुमच्या बाबतीत ते सोपं आहे, कारण चेहरा आणि त्यातले डोळे शाबूत आहेत. डोळा गेला असता आणि जुना फोटो नसता, तर प्रश्नच वेगळा असता; मग तो रंगवायचा की फक्त शांत रंगछटेनं भरून सोडायचा, यावर आपण अजून चार पानं बोललो असतो. हातांच्या बाबतीत मात्र घरातले जुने फोटो शोधून ठेवा, चित्र भिंतीवर मागे दिसतंय असा समारंभातला फोटोही चालेल. बोटांचा आकार अंदाजानं रंगवण्यापेक्षा धूसर फोटो बरा.

सगळं एकदम करणं जमण्यासारखं नसेल, तर फक्त पहिला टप्पा करून घ्या : बुरशी, पोपडे, कापडाचा ताण. साय आणि रंगभरणी दोन वर्षांनी झाली तरी बिघडत नाही. १९६६च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला पूर आला, तेव्हा वासारी या जुन्या इटालियन चित्रकाराचं ‘अंतिम भोजन’ हे लाकडी फळ्यांवरचं मोठं चित्र कित्येक तास पाण्याखाली होतं. सुटणारा रंग जागेवर धरून ठेवायला त्यावर तेव्हा पातळ कागद चिकटवला गेला, आणि पुढचं काम जमेल अशी तंत्रं येईपर्यंत ते अनेक दशकं तसंच थांबलं. २०१६ साली ते पुन्हा प्रदर्शित झालं. पक्का केलेला रंग वाट बघू शकतो. अर्धवट उठलेला बघू शकत नाही.

संवर्धकांना पुढचा संदेश पाठवाल तेव्हा त्यात चित्राचं माप, पुढचा आणि मागचा पूर्ण फोटो, तिरक्या प्रकाशातला एक फोटो, पाणी लागल्याची तारीख आणि ते तीन दिवस उन्हाचे, एवढं लिहा. त्यांच्याकडून कामाआधी चित्राच्या स्थितीचा लेखी अहवाल मागा, आणि रंगभरणीसाठी काय वापरणार आणि ते कशानं निघतं, हे विचारा. या प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्याकडे चित्र सोपवायला हरकत नाही.

चित्र आता सैल, लोंबल्यासारखं वाटत असेल, तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी ठोकून ताणून घ्यायचा मोह होईल. हातोडीचा एक धक्का आणि मघाची कौलं खाली येतील. त्या पाचरींना हात लावू नका. नेताना चित्र आडवंच न्या, रंगाची बाजू वर, आणि रंगावर काहीही टेकू देऊ नका. फुगे असलेलं प्लास्टिक तर नकोच, उठलेल्या रंगावर त्याचे गोल ठसे उमटतात. उथळ खोका घ्या, चित्राच्या चौकटीपेक्षा खोल, म्हणजे झाकण वरच्या वर राहील. गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी शेजारी बसा, खोक्यावर हात ठेवून. तुकड्यांचं पाकीट खोक्यात टाकू नका, स्वतःजवळ ठेवा.